पाळी येणारा मुलगा

आज पाळीविषयीच बोलणार आहे, पण जरा वेगळ्या माणसाच्या पाळीविषयी. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, पण कळायला लागल्यापासून जो स्वतःला मुलगाच समजतो, त्याला ट्रान्स पुरुष म्हणतात. २०१८ साली बीडचे पोलीस ललित साळवे यांची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र सापडलं होतं, म्हणजे त्यांच्या शरीराचीच गोष्ट थोडी निराळी होती. बहुतेक ट्रान्स पुरुषांच्या पोटात आपल्यासारखीच गर्भपिशवी असते, अंडाशय असतं, आणि दर महिन्याला पाळी येते.

आपल्यालाही पाळीचा त्रास होतोच की, असं तुम्ही म्हणाल. होतो. पण त्याचं दुखणं कंबरेपुरतं नसतं. आपल्या मराठीत ‘मी आलो’ म्हणणारा आणि ‘मी आले’ म्हणणारी तोंड उघडताच वेगळे कळतात. असा मुलगा घरात ‘आलो, गेलो’ म्हणायला लागतो, त्यासाठी बोलणी खातो, केस कापतो, शर्ट घालतो. महिनाभर कसंबसं जमवतो आणि मग ते चार दिवस येतात. अंग ताठरतं, छाती दुखायला लागते, म्हणजे जे अवयव तो विसरायला बघतो तेच आठवण करून देतात. त्यात घरचं कुणी म्हणतं, “बघ, शेवटी बाईच ना तू?” आणि आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत बाजूला बसवतात. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’ हे आपले शब्दच बघा, ‘बाहेरचा झाला’ असं कुणी कधी म्हटलंय का? ओट्यावर वेगळं ताट घेऊन बसलेला मुलगा म्हणजे सगळ्या गल्लीला दर महिन्याला दिलेली दवंडीच. माझ्या मते रक्तापेक्षा ही दवंडी त्याला जास्त जाळते.

आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा असाच आहे. नाव, गाव सांगत नाही. वय बावीस, कारखान्यात पाळीपाळीने काम, तिथे सगळे त्याला पोरगा म्हणूनच ओळखतात. पुरुषांच्या संडासात कचऱ्याचा डबा नसतो. पॅडचं पाकीट फाडताना होणारा आवाज शेजारच्याला ऐकू जातो. म्हणून हा त्या दिवसांत सकाळपासून पाणीच पीत नसे आणि आठ-नऊ तास एकच पॅड ठेवत असे. वर्षभरात दोनदा लघवीची जळजळ झाली, ताप आला. आईला वाटे, थंडीताप असेल.

त्याने आता काय बसवलंय ते सांगते, कारण हे कुठे छापलेलं नसतं. पॅड सैल चड्डीत टिकत नाही, सरकतं. म्हणून त्या दिवसांत तो घट्ट, गडद रंगाची पुरुषांचीच अंडरवेअर घालतो. पॅड घरीच वेष्टनातून काढून मऊ कापडात गुंडाळून नेतो, म्हणजे आवाज होत नाही. वापरलेलं पॅड कागदात आणि मग दोरी ओढून बंद होणाऱ्या छोट्या पिशवीत ठेवून घरी आणतो. दर चार-सहा तासांनी बदलतो, पाणी पितो. पॅड आई आणते. ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू झाली तेव्हा गटातून पॅड विकायचं काम आपल्याकडे आलं, पण दुकानात असो की गटात, त्याला स्वतः मागणं शक्यच नव्हतं. कप वापरला तर कचराच होत नाही आणि आठ-दहा तास निभावतं. पण आत काहीतरी घालायचं ही कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. त्यालाही झाली नाही, आणि त्याला कुणी आग्रह केला नाही.

काही जणांना लपवून भागत नाही, पाळी थांबलीच पाहिजे असं वाटतं. सणासुदीला किंवा वारीच्या वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याला माहीत आहे. ती नॉरएथिस्टेरॉन, पाच मिलिग्रॅमची. साधारणपणे पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा घेतात आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोनमहिने खायची ही गोळी नव्हे. पूर्वी कुणाला पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, त्याच्यासाठी ती धोक्याची. जास्त दिवस घ्यायची तर डॉक्टर तपासून मात्रा वेगळी ठरवतात. मध्येच डाग पडू शकतात, म्हणून पॅड जवळ असू द्यावं.

सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा असतं. पहिल्या काही महिन्यांत अवेळी रक्तस्राव होतो आणि नेमका तोच काळ अशा मुलाला फार जड जातो. वर्षभर घेतलं तर जवळपास निम्म्या जणांची पाळी थांबते. ते मूल न होण्यासाठी दिलं जातं, त्यामुळे “लग्न झालंय का?” हा प्रश्न येतोच. सोबत घरचं कुणीतरी असलं तर तो झेलता येतो. बरीच वर्षं घेतलं तर हाडांवर परिणाम होतो, हेही विचारून घ्यावं.

तिसरा मार्ग पुरुषी हार्मोनचा, टेस्टोस्टेरॉनचा. दाढी-मिशी येते, आवाज फुटतो आणि बहुतेकांची पाळी साधारण सहा महिन्यांत थांबते. हे औषध हार्मोनच्या डॉक्टरांकडून, रक्त तपासूनच घ्यायचं. रक्त फार घट्ट होत नाही ना, हे पुढेही पाहत राहावं लागतं. व्यायामशाळेतल्या कुणाकडून बाटली आणून टोचून घेणारी मुलं आहेत. त्यांना मात्राच कळत नाही. आणखी एक गैरसमज म्हणजे पाळी थांबली की गर्भ राहणार नाही. राहू शकतो, आणि हे हार्मोन गर्भाला घातक असतं.

आणि पिशवी काढून टाकणं? आपल्या उसाच्या पट्ट्यात हा शब्द फार सहज येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ट्रान्स पुरुषाचा हा निर्णय त्याच्या ओळखीसाठी असतो. मजुरी बुडू नये म्हणून कुणी गळी उतरवलेला नसतो, म्हणून दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पण शरीराचा हिशोब तोच. पिशवी काढून अंडाशय ठेवलं तर शरीरातलं हार्मोन चालू राहतं. अंडाशयही काढलं आणि बाहेरून हार्मोन घेतलं नाही, तर ऐन तरुणपणी हाडं ठिसूळ होतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना नेमकं विचारायचं, काय काढणार आणि काय ठेवणार.

तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांवर रक्त जात असेल, किंवा हार्मोनने वर्षभर थांबलेली पाळी अचानक पुन्हा सुरू झाली, तर लाज बाजूला ठेवून तपासणी करावी. डोस चुकला असेल, गाठ असेल किंवा गर्भही असू शकतो. आणि त्या दिवसांत मूल जेवत नसेल, अंगावर ब्लेड ओढत असेल, “जगायचं नाही” म्हणत असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

त्या ताईंनी घरात बाजूला बसवणं बंद केलं. सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. पॅडची पिशवी आता मोरीतल्या फळीवर, साबणाच्या डब्यामागे असते, कुणी कुणाला काही मागत नाही. ताई मला सांगताना अजून मध्येच ‘ती’ म्हणतात आणि लगेच ‘तो’ करतात.