दोन सेकंद, ३४ अक्षरं
नेटफ्लिक्सच्या नियमांप्रमाणे रशियन सबटायटलची ओळ ३९ अक्षरांची, ओळी फार तर दोन. प्रौढांच्या कार्यक्रमात वाचनाचा वेग सेकंदाला १७ अक्षरं. त्यात मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही आली. म्हणजे जागा ७८ अक्षरांची असली, तरी दोन सेकंदांच्या संवादाला मिळतात ३४च. खरी कात्री वेळेची.

समजा, पडद्यावरची बाई इंग्रजीत मैत्रिणीला म्हणते, ‘त्याला सोडायचा विचार करतेय, हे तुला सांगितलं होतं ना मी?’ याचं पूर्ण रशियन सहज ५४ अक्षरांवर जातं. मग छाटणी. ‘तुला’ गळतो, मैत्रीण समोरच बसलीय. आधीचं बोलणं त्याच्याबद्दलच असेल, तर ‘त्याला’ही जातो. शेवटच्या ‘ना’चं काम ‘झे’ हा चिमुकला शब्द करतो. उरतं ‘या झे गवरीला: दूमायू उयती’; रशियन लिपीत २६ अक्षरं. ‘सोडणार’ असं ठाम क्रियापद घेतलं तर आणखी सहा अक्षरं वाचतात. पण मग बाईचा निर्णय झालाय असं वाटतं, आणि पुढच्या प्रसंगात ती त्याच्याच घरी दिसली की प्रेक्षक गोंधळतो.

इंग्रजी कळणारे मात्र कुरकुरतातच: अर्धं वाक्य खाल्लं! मूळ आवाज झाकणाऱ्या डबिंगमध्ये ही काटछाट कुणाला कळतही नाही.