मधल्या मोकळ्या जागेतली शंका

न्यूरल नेटवर्कला एखादी संख्या विचारली, की ते संख्या सांगून मोकळं होतं. हजारो उदाहरणांवरून शिकलेल्या जागेविषयी विचारा किंवा कधीच न पाहिलेल्या जागेविषयी विचारा, उत्तराचा सूर एकच. त्याला स्वतःच्या उत्तराविषयी शंका वाटावी, यासाठी २०१६ साली केंब्रिजच्या यारिन गाल आणि झुबिन गहरामानी यांनी एक विलक्षण सोपी युक्ती पुढे ठेवली. त्यासाठी नवं काहीच बांधावं लागत नव्हतं. जे बंद केलं जायचं, ते फक्त चालू ठेवायचं होतं.

ते म्हणजे ड्रॉपआउट. शिकवताना प्रत्येक फेरीत काही न्यूरॉन यदृच्छेने गप्प केले जातात, समजा दहातला एक. उरलेल्यांचं मूल्य ०.९ ने भागून थोडं वाढवलं जातं, म्हणजे सरासरी बिघडत नाही. यामुळे नेटवर्क मोजक्याच न्यूरॉनांवर विसंबून राहत नाही. शिकवणं संपलं की ड्रॉपआउट बंद होतो आणि सगळे न्यूरॉन एकत्र उत्तर देतात. गाल आणि गहरामानी म्हणाले, बंद करू नका. तोच प्रश्न शंभरदा विचारा. दर वेळी वेगळे न्यूरॉन गप्प असतील, म्हणून शंभर थोडी वेगळी उत्तरं येतील. त्यांची सरासरी हे उत्तर आणि त्यांचं विखुरणं ही शंका. हे विखुरणं बेझच्या पद्धतीने काढलेल्या अनिश्चिततेचा एक अंदाज ठरतं, हे त्यांनी गणिताने दाखवलं. मोजमापातला मूळचा गोंगाट त्यात वेगळा मिळवावा लागतो.

पायटॉर्चमध्ये हे एवढ्यात होतं:

```python
model.eval()
for m in model.modules():
    if isinstance(m, torch.nn.Dropout):
        m.train()
with torch.no_grad():
    ys = torch.stack([model(x) for _ in range(100)])
mean, sd = ys.mean(0), ys.std(0)
```

सरसकट `model.train()` लिहिलं, तर बॅचनॉर्मसारखे थरही शिकण्याच्या अवस्थेत जातात आणि उत्तरं बिघडतात. म्हणून फक्त ड्रॉपआउटचे थर जागे करायचे.

हवाईतल्या माउना लोआ वेधशाळेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींवर त्यांनी ही युक्ती चालवून पाहिली. नोंदी संपतात त्याच्या बऱ्याच पुढचा काळ विचारला, तेव्हा रेलू न्यूरॉनांच्या नेटवर्कची शंका अंतराबरोबर वाढत गेली. आपल्याला हवं होतं ते नेमकं हेच. पण ही शंका येते कुठून, हे हाताने मोजून पाहिलं की थक्क व्हायला होतं.

अगदी छोटं नेटवर्क घेऊ. आत एकच थर, त्यात दोन रेलू न्यूरॉन. पहिला `max(0, x)` देतो, दुसरा `max(0, −x)`. दोघांची बेरीज म्हणजे `|x|`. आपल्याजवळची माहिती फक्त −२ ते −१ आणि १ ते २ या दोन पट्ट्यांत आहे आणि या नेटवर्कशी ती तंतोतंत जुळते. −१ ते १ या मधल्या जागेत एकही नोंद नाही.

आता x = २ विचारू. दुसरा न्यूरॉन शून्यच देतो, त्यामुळे सगळं पहिल्यावर. तो नव्वद टक्के वेळा २.२२ देईल आणि दहा टक्के वेळा गप्प राहून ०. सरासरी बरोबर २, प्रमाण विचलन ०.६७. x = १ ला तेच विचलन ०.३३ होतं. आणि x = ० ला? दोन्ही न्यूरॉन शून्यच देत असतात, कुणीही गप्प झालं तरी फरक पडत नाही. विचलन शून्य. जिथे भरपूर नोंदी आहेत तिथे शंका जास्त, आणि जिथे एकही नोंद नाही तिथे नेटवर्क ठाम!

हा या उदाहरणाचा योगायोग नाही. एकच आतला थर असेल आणि ड्रॉपआउट त्या थरावर असेल, तर उत्तराचं विचरण प्रत्येक न्यूरॉनच्या वाट्याच्या वर्गांच्या बेरजेच्या प्रमाणात असतं. रेलूचा वर्ग काढला की आलेख वाटीसारखा वर उघडणारा होतो, आणि अशा कितीही वाट्यांची बेरीज केली तरी वाटीच मिळते. वाटीच्या मध्ये टेकडी उभी राहू शकत नाही. म्हणून दोन माहितीपूर्ण पट्ट्यांच्या मध्ये शंकेचा फुगवटा येणं अशा नेटवर्कला कधीच शक्य नाही, कितीही शिकवलं तरी. हा निष्कर्ष फूंग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सिद्ध केला. वाटीच्या कडा बाहेर उंच जातात, म्हणूनच माहितीच्या पलीकडे शंका वाढते. माउना लोआचं नेटवर्क अनेक थरांचं होतं, त्याला ही सिद्धता जशीच्या तशी लागू नाही. पण कल तोच दिसतो. खोल नेटवर्कला मधला फुगवटा तत्त्वतः जमू शकतो, प्रत्यक्ष शिकवल्यावर तो बहुधा उमटत नाही.

त्या ०.६७ मध्ये किती नोंदी पाहिल्या याचा उल्लेख कुठेच नाही. नोंदी दहा असोत वा दहा लाख, वजनं आणि ड्रॉपआउटचं प्रमाण तेच असेल तर विचलन तेच. उलट तेच काम एका न्यूरॉनऐवजी शंभर न्यूरॉनांत सारखं वाटून दिलं, तर ते ०.०६७ वर येतं. माहिती न वाढवता शंका दहापट कमी झाली! म्हणून ड्रॉपआउटचं प्रमाण बाजूला ठेवलेल्या नोंदींवर ताडून ठरवावं लागतं. ही पायरी गाळली तर आलेल्या विचलनावर विश्वास ठेवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आता दुसरा मार्ग. २०१७ मध्ये डीपमाइंडच्या बालाजी लक्ष्मीनारायणन, अलेक्झांडर प्रित्झेल आणि चार्ल्स ब्लंडेल यांनी मांडलेली एन्सेम्बलची पद्धत आणखी साधी आहे: तेच नेटवर्क वेगवेगळ्या यदृच्छ सुरुवातींपासून स्वतंत्रपणे शिकवा, समजा पाच वेळा, आणि त्यांच्यात किती मतभेद आहे ते पाहा. आपल्या उदाहरणात तीन नेटवर्क घेऊ. पहिलं मघाचंच `|x|`. दुसरं मधल्या संपूर्ण जागेत १ वर सपाट राहतं आणि −१ व १ पाशी वळतं. तिसरं ०.५ वर सपाट राहतं आणि −०.५ व ०.५ पाशी वळतं. दोन्ही पट्ट्यांतल्या नोंदींशी तिघंही अचूक जुळतात. x = २ ला तिघांचं उत्तर २, मतभेद शून्य. x = ० ला उत्तरं ०, १ आणि ०.५; विचलन सुमारे ०.४१. जिथे नोंदी नाहीत तिथेच शंका उगवली.

याच तिन्ही नेटवर्कांवर एकेकट्याने ड्रॉपआउट चालवून पाहा. x = ० ला तिन्हींचं विचलन शून्य येतं. दुसरं नेटवर्क तर −१ ते १ या अख्ख्या पट्टीत शून्य शंका दाखवतं, कारण तिथे त्याचे दोन्ही न्यूरॉन झोपलेले असतात आणि उत्तर नुसत्या स्थिरांकातून येतं. आपापल्या उत्तराविषयी तिघंही निःशंक, आणि उत्तरं तीन वेगळी! ड्रॉपआउट एकाच सापडलेल्या उत्तराच्या आसपास हलवून पाहतो. त्याच नोंदींना जुळणारं दुसरंच उत्तर असू शकतं, हे त्याला दिसत नाही. एन्सेम्बलला ते दिसतं.

एन्सेम्बलची किंमत म्हणजे पाचपट शिकवणं. ड्रॉपआउटला एकदाच शिकवावं लागतं, मात्र प्रत्येक प्रश्नाला अनेक फेऱ्या. एन्सेम्बलही फसतं: पाचही नेटवर्क एकाच घडणीची आणि एकाच माहितीवर वाढलेली असतात, त्यामुळे ती एकसारखीच चुकू शकतात, आणि पाच उत्तरांवरून काढलेलं विचलन स्वतःच डळमळीत असतं.

कोणतीही पद्धत निवडली तरी तिची परीक्षा करताना नोंदी सरसकट पिसून थोड्या बाजूला काढणं पुरत नाही, कारण त्या नोंदींच्या अवतीभवती शिकवलेल्या नोंदी असतातच आणि पोकळी तयार होत नाही. एका गुणानुसार सगळ्या नोंदी क्रमाने लावाव्यात, मधला एक तृतीयांश भाग काढून ठेवावा, दोन्ही टोकांवर शिकवावं आणि मग मधल्या भागातली किती खरी मूल्यं सांगितलेल्या ९५ टक्के पट्ट्यात पडतात ते मोजावं. ती संख्या ९५ टक्क्यांच्या बरीच खाली आली, तर नेटवर्कला त्या मोकळ्या जागेची जेवढी शंका वाटायला हवी होती तेवढी वाटलेली नाही.