सोमवारपासून बिल कुणी, कुठे द्यायचं?

‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, व्यवस्थापनाच्या बैठकीत झालेल्या चर्चेनुसार बिलांच्या कार्यपद्धतीत सुसूत्रता आणण्याच्या दृष्टीने...’ मोबाइलवर एवढंच दिसतं आणि वाचणाऱ्याचा अंगठा पुढे सरकतो. कामाची ओळ बिचारी चौथ्या परिच्छेदात.

समजा, एका कारखान्यात पुरवठादारांची बिलं स्टोअरच्या ट्रेमध्ये साठतात आणि महिनाअखेरीस गठ्ठ्याने अकाउंट्सकडे जातात. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकते करायचे, असा कायदा आहे. उशीर झाला की व्याज लागतंच. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून असा थकलेला खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी प्राप्तिकरातून वजा करता येतो. यातली मेख अशी, की दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, बिल अकाउंट्सच्या टेबलावर आल्यापासून नव्हे. ट्रेमध्ये गेलेले तीन आठवडे मुदतीतूनच जातात.

हे सगळं सूचनेत घालायची गरज नाही. एवढं पुरे:

‘बिलं स्टोअरमध्ये पडून राहिल्याने छोट्या पुरवठादारांचे पैसे वेळेत जात नाहीत आणि आपल्याला व्याज बसतं. म्हणून येत्या सोमवारपासून स्टोअरकीपरने माल घेतला त्याच दिवशी, तारखेचा शिक्का मारून, बिल अकाउंट्सला द्यावं. मालाबद्दल तक्रार असेल तर बिल अडवू नका, शेरा लिहून पाठवा. ट्रेमधली जुनी बिलं शनिवारपर्यंत द्या. खरेदीच्या मंजुरीची पद्धत आहे तशीच राहील.’

बैठक, निर्णयाची पार्श्वभूमी, कायद्याचं कलम हवंच असेल तर या खाली. कारण मात्र वर हवं. ते कळलं नाही तर स्टोअरकीपरला ही अकाउंट्सची नवी कटकट वाटते, आणि सूचनेत नसलेला प्रसंग आला की तो बिल पुन्हा ट्रेमध्ये टाकतो. कारण ठाऊक असलेला माणूस निदान फोन करून विचारतो.

आपल्या कार्यालयीन मराठीला ‘पाठविण्यात यावीत’ची भारी हौस. कुणी पाठवायची? स्टोअरला वाटतं खरेदी विभागाने, खरेदीला वाटतं स्टोअरने. म्हणून प्रत्येक वाक्यात करणाऱ्याचं पद हवं. जुन्या बिलांची ओळही अशीच सुटते. ‘सोमवारपासून’ एवढंच लिहिलं की आधीचा गठ्ठा नव्या नियमात येतो की नाही, यावर वाद रंगतो.

सूचना पोचली का, हे ग्रुपवर आलेल्या अंगठ्यांवरून ठरवू नये. रात्रपाळीच्या स्टोअरकीपरला गाठून विचारावं, ‘आज माल आला तर बिलाचं काय करशील?’ तो अडखळला, तर सूचना पुन्हा लिहायची. आठवड्याने बिलांवरचे शिक्के माल आल्याच्या तारखांशी ताडून पाहायचे. एकाच पाळीची बिलं उशिरा येत असतील, तर पुन्हा सगळ्यांना सूचना धाडण्यापेक्षा त्या पाळीत जाऊन अडचण विचारावी. कदाचित रात्री अकाउंट्सला कुलूप असेल आणि बिल ठेवायला पेटीच नसेल.