सर्व्हर वाढला तरी नोंदी जागच्या जागी

मोठ्या संकेतस्थळाच्या नोंदी एका सर्व्हरवर मावत नाहीत, म्हणून त्या अनेक सर्व्हरवर वाटाव्या लागतात. कोणती नोंद कुठे ठेवायची, हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग भागाकाराचा. नोंदीच्या नावावरून हॅश फंक्शनने एक आकडा काढायचा, त्याला सर्व्हरांच्या संख्येने भागायचे आणि बाकी येईल त्या क्रमांकाच्या सर्व्हरवर नोंद ठेवायची. आकडा ४७ आणि सर्व्हर ४ असतील, तर बाकी ३ उरते. पाचवा सर्व्हर जोडला की तीच बाकी २ होते आणि नोंदीचा पत्ता बदलतो. चाराचे पाच सर्व्हर होताना सुमारे ८० टक्के नोंदींचे असेच होते. कॅशमध्ये त्या नव्या पत्त्यावर सापडत नाहीत, आणि सगळी मागणी एकदम मूळ डेटाबेसवर कोसळते.

यावरचा उपाय म्हणजे कन्सिस्टंट हॅशिंग. एमआयटीतील डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९७ साली मांडला. यात सर्व्हरांची संख्या हिशेबात येतच नाही. ० ते ९९ आकड्यांचे एक वर्तुळ कल्पावे. प्रत्यक्षात ते अब्जावधी आकड्यांचे असते. सर्व्हरांच्या नावांचेही हॅश काढून त्यांना वर्तुळावर जागा द्यायची. समजा अ १० वर, ब ३५ वर, क ६० वर आणि ड ८५ वर आला. नोंदीच्या आकड्यापासून पुढे जाताना जो सर्व्हर पहिला लागेल, तो तिचा. त्यामुळे ४७ ची नोंद क कडे जाते. आता नवा सर्व्हर इ ४८ वर आला, तर ३६ ते ४८ एवढ्याच नोंदी क कडून इ कडे जातात. अ, ब आणि ड यांच्याकडची एकही नोंद हलत नाही.

पण याच उदाहरणात एक उणीव दिसते. क आणि इ यांच्या वाट्याला आता साधारण बारा-तेरा आकडे आले, बाकीच्यांकडे पंचवीस राहिले. इ येण्याआधीच क बंद पडला असता, तर त्याचा सगळा भार एकट्या ड वर पडून दुप्पट झाला असता. तोही कोलमडला, तर पुढचा अ. हे टाळण्यासाठी प्रत्येक सर्व्हरला वर्तुळावर एकच जागा न देता शंभर-दीडशे विखुरलेल्या जागा देतात. त्यांना व्हर्च्युअल नोड म्हणतात. मग बंद पडलेल्या सर्व्हरचा भार उरलेल्या सर्वांत थोडाथोडा वाटला जातो, आणि नवा सर्व्हरही प्रत्येकाकडून थोडेथोडे उचलतो. पाचवा सर्व्हर आला तर एकूण सुमारे पाचवा हिस्साच हलतो. त्याहून कमी हलवून समान वाटणी होणारच नाही, कारण नव्याचा वाटा तेवढाच असतो. अॅमेझॉनने २००७ साली जाहीर केलेल्या डायनॅमो प्रणालीत व्हर्च्युअल नोड वापरले होते.

तरीही दोन गोष्टी ही पद्धत करत नाही. सर्व्हरांची यादी सगळ्या यंत्रांकडे एकसारखी नसेल, तर एकच नोंद दोन ठिकाणी शोधली जाते. आणि एकाच नोंदीला प्रचंड मागणी आली, तर ती एकाच सर्व्हरवर असल्याने भार वाटला जात नाही. त्यासाठी तिच्या प्रती निराळ्या ठेवाव्याच लागतात.