तोच गेम, पुन्हा पैसे?

‘द लास्ट ऑफ अस’ २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. पुढच्याच वर्षी प्लेस्टेशन ४ साठी त्याचा रीमास्टर निघाला: गेम तोच, पण चित्र ७२०पीऐवजी १०८०पी आणि हालचाल सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेमपर्यंत.

२०२२ चा रीमेक मात्र नव्याने बांधलेला. चेहरे, प्रकाश, शत्रूंचं वागणं बदललं. कथा तीच राहिली आणि ऑनलाइन खेळायचा भाग तर गायबच झाला!

२०२३ मध्ये हाच रीमेक पीसीवर आला, म्हणजे पोर्ट झाला. सुरुवातीला तो फार अडखळायचा. दुरुस्त्या नंतर आल्या. म्हणून पोर्ट घेताना महिनाभर थांबावं.

रीमास्टर घरात असेल, तर तो प्लेस्टेशन ५ वरही चालतो. मग निव्वळ देखण्या चेहऱ्यांसाठी मी तरी पूर्ण किंमत मोजणार नाही.