साम्याचे 10 टक्के आणि समितीचे काम

पीएच.डी.चा प्रबंध सादर होण्यापूर्वी साम्यशोधक सॉफ्टवेअरमधून जातो आणि त्याला एक टक्केवारी मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 च्या वर 40 पर्यंत पहिला स्तर लागतो, म्हणजे प्रबंध सुधारून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा. 60 च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. हे आकडे नियमात असल्याने पाळावेच लागतात. मात्र 9 टक्के प्रामाणिक आणि 11 टक्के चोर, असा भेद लिखाणात कुठेही नसतो.

सॉफ्टवेअर चोरी मोजत नाही. आपल्या साठ्यातल्या मजकुराशी जुळणारे शब्द ते मोजते आणि त्यांना एकूण शब्दांनी भागते. भाजक वाढला की टक्केवारी उतरते. 40,000 शब्दांच्या प्रबंधात 4,400 शब्द जुळले तर साम्य 11 टक्के होते. त्याच प्रबंधाला मुलाखतींचे 10,000 शब्दांचे परिशिष्ट जोडले की ते 8.8 टक्क्यांवर येते. जुळलेला मजकूर मात्र तसाच राहतो, त्यातली एक ओळही सुधारलेली नसते. अवतरणे वगळायची की नाही, किती शब्दांपेक्षा लहान जुळणी सोडून द्यायची, हे पर्याय बदलले तरी आकडा हलतो. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरचा साठा वेगळा असतो, त्यामुळे एकच प्रबंध दोन ठिकाणी तपासला तर दोन आकडे येऊ शकतात.

म्हणून रेषेजवळच्या प्रबंधात समितीने आधी अहवाल कसा काढला ते पाहावे. योग्य श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणे हे सारे तपासणीतून वगळण्याची तरतूद याच विनियमांत आहे. सलग 14 शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळणारे शब्दही त्यात येतात. यातले बरेचसे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. ते ओळखायला माणसाला अहवाल उघडून रंगवलेला मजकूर ओळीने वाचावा लागतो आणि नेमके तेच टाळले जाते. पहिल्या पानावरचा आकडा पाहून प्रबंध परत पाठवणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

समजा, ग्रामपंचायतींवरच्या एका इंग्रजी प्रबंधात वरीलप्रमाणे 11 टक्के साम्य आले. समितीने 4,400 शब्द वाचले. त्यांतले 1,500 शब्द राज्यघटनेच्या 243 व्या अनुच्छेदाचे आणि ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलमांचे निघाले. 700 शब्द नीट श्रेय दिलेली अवतरणे होती, तर 600 शब्द ‘या अभ्यासाचा उद्देश असा आहे की’ या धर्तीच्या तुकड्यांचे. उरले 1,600, म्हणजे साधारण 4 टक्के. त्यांतले 1,000 शब्द नमुनानिवड आणि प्रश्नावलीच्या वर्णनात विखुरलेले होते. असे वर्णन फारसे निराळ्या शब्दांत होतही नाही. शेवटचे 600 शब्द मात्र निष्कर्षांच्या प्रकरणात सलग होते, एका जुन्या प्रबंधातून घेतलेले आणि श्रेयाविना.

आता 11 टक्क्यांवर पहिल्या स्तराची कारवाई केली तर ती कायद्याचा मजकूर उतरवल्याबद्दल होते. 4 टक्क्यांवर विषय मिटवला तर इतरांचे निष्कर्ष स्वतःचे म्हणून मांडलेले तसेच राहतात. प्रबंधाचे मोल निष्कर्षांत असते. तिथले 600 उसने शब्द पद्धतीच्या प्रकरणातल्या 1,000 शब्दांहून कितीतरी गंभीर आहेत. त्यामुळे समितीने एका स्रोतातून सलग किती मजकूर आला, तो कोणत्या प्रकरणात बसला आहे आणि श्रेय दिले आहे का, हे टक्केवारीच्या आधी विचारले पाहिजे. या उदाहरणात शिक्षेचा स्तर लागत नसला, तरी तो भाग नव्याने लिहिल्याशिवाय प्रबंध पुढे जाऊ देऊ नये.

निर्णयापूर्वी विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकणे नैसर्गिक न्यायाला धरून आहे आणि विनियमांतही ते अपेक्षित आहे. पुष्कळदा जुळलेला ‘स्रोत’ त्याचाच प्रसिद्ध झालेला लेख असतो. तसे असेल तर प्रबंधात त्या लेखाचा उल्लेख आहे का, एवढाच प्रश्न उरतो. विभागाच्या समितीला आपला अहवाल संस्थेच्या समितीकडे पाठवण्यासाठी 45 दिवस मिळतात. त्या अहवालात सॉफ्टवेअरचे नाव, तपासणीची तारीख, वगळलेल्या भागांची यादी आणि उरलेल्या प्रत्येक मोठ्या जुळणीबद्दलचे मत लिहिलेले असावे.

हीच काळजी रेषेच्या खालीही घ्यावी लागते, आणि मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर विशेष. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर सॉफ्टवेअरला निरर्थक चिन्हांसारखा दिसू शकतो आणि मग साम्य शून्याच्या आसपास येते. इंग्रजी पुस्तकाचे मराठीत भाषांतर करून घातलेली पानेही साध्या शब्दजुळणीत सापडत नाहीत. अशा प्रबंधात आधी फाइलमधला मजकूर कॉपी करून तो देवनागरीत वाचता येतो का ते पाहावे आणि त्यानंतर विषयाच्या जाणकाराकडून निष्कर्षांचे प्रकरण वाचून घ्यावे.