60 जीबीची फाइल 52 जीबीवर तुटली, पुन्हा पहिल्यापासून?

समजा, बोरिवलीतल्या घरी लग्नाचा 60 जीबीचा व्हिडिओ डाउनलोड करायचा आहे. 40 एमबीपीएसच्या लाइनवर त्याला सुमारे 3 तास 20 मिनिटे लागतात. 52 जीबीवर वायफाय गेले, तरी उरलेले 8 जीबी अर्ध्या तासात मिळू शकतात. अट एकच, सर्व्हरने फाइल मधूनच द्यायला हवी. हे आधी तपासा:

```
curl -IL "LINK"
```

उत्तरात `Accept-Ranges: bytes` दिसले, तर सहसा अडचण येत नाही. मग पहिल्यापासून हीच कमांड वापरा. लाइन तुटली की त्याच फोल्डरमध्ये पुन्हा चालवा:

```
curl -L -C - -O "LINK"
```

डाउनलोड मॅनेजर हेच काम आपोआप करतो, म्हणून रात्रभर सोडायच्या एका मोठ्या फाइलसाठी तो बरा. मात्र मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली, तर जोडलेली फाइल खराब निघते. फाइलसोबत चेकसम दिला असेल, तर तो जुळवून पाहा.

गुगल ड्राइव्हवरचा अख्खा फोल्डर असेल, तर गोष्ट वेगळी. ब्राउझरमधून मागितल्यावर त्याची झिप तेव्हाच तयार होते. ती तुटली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा वेळी सिंक अ‍ॅप वापरा. ते एकेक फाइल आणते, त्यामुळे पूर्ण झालेल्या फाइल पुन्हा डाउनलोड कराव्या लागत नाहीत.